गाळलेली जागा आणि पुढचा शब्द

‘आईने ताटात गरम ____ वाढली आणि वर तुपाची धार सोडली.’

या वाक्यातली गाळलेली जागा भरा. मराठी घरात वाढलेला माणूस क्षणात ‘खिचडी’ म्हणेल, नाहीतर ‘पुरणपोळी’. ‘भात’ कोणी म्हणणार नाही. खरं तर ताट, गरम आणि तूप एवढं ऐकलं की भातच आधी आठवायला हवा. पण पुढे ‘वाढली’ आहे, म्हणजे पदार्थ स्त्रीलिंगी हवा. तुपाची धार आल्यामुळे कोशिंबीर आणि चटणीही बाद झाल्या. रिकाम्या जागेच्या उजवीकडच्या शब्दांनीच उत्तर ठरवलं.

आता तेच वाक्य ‘आईने ताटात गरम’ इथपर्यंतच ठेवा, बाकीचं हाताने झाका आणि पुढचा शब्द सांगा. या वेळी ‘भात’ हेच शहाणपणाचं उत्तर आहे. भाजी, आमटी, पोळी, वरण, सगळेच शक्यतेत येतात, पण कोणालाही नक्की म्हणता येत नाही.

भाषा शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलांना पहिली शिकवणी देण्याच्या दोन मोठ्या पद्धती या दोन खेळांतच आहेत. या शिकवणीला पूर्वप्रशिक्षण म्हणतात. कोणतंही ठरावीक काम शिकवण्याआधी मॉडेलला प्रचंड मजकूर नुसता वाचायला लावायचा, असा त्याचा अर्थ. पहिला खेळ मास्किंगचा, म्हणजे मधले शब्द झाकून ओळखायला लावण्याचा. दुसरा पुढचा शब्द सांगण्याचा. दोन्हींत माणसाने उत्तरपत्रिका तयार करून द्यावी लागत नाही, कारण झाकलेला शब्द मूळ मजकुरात असतोच.

पहिला खेळ संगणकाहून जुना नाही म्हणावा, तर पूर्वप्रशिक्षणाहून तरी खूपच जुना आहे. विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने 1953 साली एखादा लेख वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी त्यातले शब्द गाळले आणि वाचकांना ते भरायला सांगितले. जितके जास्त शब्द बरोबर, तितका लेख सोपा. या चाचणीला ‘क्लोझ’ म्हणतात. 2018 सालच्या ऑक्टोबरमध्ये गूगलमधल्या जेकब डेव्हलिन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी बर्ट नावाचं मॉडेल जाहीर केलं, तेव्हा त्यांनी टेलर यांच्या या कामाचं नाव घेतलं होतं.

बर्टची शिकवणी अशी चालते. मजकुराचे आधी टोकन पाडतात. टोकन म्हणजे कधी पूर्ण शब्द, कधी शब्दाचा तुकडा. त्यांतले शंभरातले 15 टोकन यादृच्छिकपणे निवडले जातात आणि मॉडेलने तेवढेच ओळखायचे असतात. ओळखायचे म्हणजे एकच उत्तर द्यायचं नाही. आपल्या संपूर्ण शब्दसाठ्यातल्या प्रत्येक टोकनला किती शक्यता देता हे सांगायचं. खऱ्या उत्तराला मॉडेलने निम्मी शक्यता दिली असेल तर दंड 0.69, शंभरात एक दिली असेल तर दंड 4.6. प्रत्येक दंडानंतर मॉडेलमधले आकडे किंचित हलवले जातात. बर्टच्या लहान आवृत्तीत असे 11 कोटी आकडे होते. त्यांना इंग्रजी विकिपीडिया आणि पुस्तकांचा एक संग्रह मिळून सुमारे 330 कोटी शब्द वाचायला दिले होते.

निवडलेल्या 15 टक्क्यांचं पुढे काय करतात, हा या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग. सगळ्यांवरच पट्टी लावत नाहीत. दहातल्या आठांच्या जागी `[MASK]` ही खूण येते, एकाच्या जागी भलताच शब्द घुसवला जातो आणि एक आहे तसाच ठेवला जातो. ओळखायचे मात्र तिन्ही प्रकारचे असतात. कारण पुढे प्रत्यक्ष कामाला लागल्यावर मॉडेलसमोर `[MASK]` कधीच येणार नाही. फक्त ही खूण दिसली की विचार करायचा, एवढंच ते शिकलं, तर धडधाकट वाक्य समोर आल्यावर ते आळशी राहील. समोरचा कोणताही शब्द चुकीचा असू शकतो ही शंका ठेवल्यामुळे त्याला प्रत्येक शब्द शेजाऱ्यांशी ताडून पाहावा लागतो.

मग 15 टक्केच का, जास्त का नाही? जास्त झाकलं तर आधारासाठी शब्दच उरत नाहीत, कमी झाकलं तर एका वाचनातून शिकायला फार थोडं मिळतं. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. पुढे 30 ते 40 टक्के झाकूनही चांगली मॉडेलं तयार झाली.

पुढच्या शब्दाच्या खेळात हा हिशेब वेगळा आहे. तिथे हजार टोकनच्या मजकुरात जवळजवळ प्रत्येक टोकन एक प्रश्न असतो, म्हणजे एका वाचनात हजार धडे. बर्टला त्याच मजकुरातून दीडशेच. मात्र त्या हजार धड्यांची किंमत मोजावी लागते. पुढचा शब्द विचारायचा असेल तर तो मॉडेलला दिसता कामा नये, नाहीतर ते नुसतं बघून सांगेल. म्हणून प्रत्येक शब्दाला फक्त आपल्या आधीचे शब्द दिसतील अशी भिंत घातलेली असते. ओपनएआयचं पहिलं जीपीटी बर्टच्या काही महिने आधी, जून 2018 मध्ये आलं, ते याच खेळावर शिकलेलं होतं.

ही भिंत मराठीत विशेष जाणवते, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘सभेत मान’ इथपर्यंत वाचलं तर ही ‘मान’ कोणती? पुढे ‘मिळाला’ आलं तर सन्मान, ‘अवघडली’ आलं तर गळ्यावरची. पुढचा शब्द सांगणाऱ्या मॉडेलमध्ये ‘मान’ या शब्दाचं आकड्यांतलं रूप ‘मिळाला’ येण्याआधीच ठरतं आणि मागे जाऊन ते बदलत नाही. अर्थाचा उलगडा होतो, पण तो ‘मिळाला’च्या किंवा त्यानंतरच्या शब्दांच्या रूपात साठतो. बर्टमध्ये मात्र ‘मान’ दोन्ही बाजूंना पाहते, आणि तिच्या स्वतःच्याच रूपात अर्थ उतरतो. मजकुरातली माणसांची आणि गावांची नावं शोधण्यासारख्या कामात, जिथे प्रत्येक शब्दाबद्दल निर्णय द्यायचा असतो, तिथे हा फरक कामाला येतो.

इतकं असूनही आज लिहिणारी, संवाद करणारी मॉडेलं बहुतेक पुढच्या शब्दाच्या पद्धतीचीच का? आपल्या वाक्यात एकाऐवजी दोन जागा गाळून पाहा:

‘आईने ताटात गरम ____ ____.’

बर्ट दोन्ही जागा एकाच वेळी, पण वेगवेगळ्या ओळखतं. पहिल्या जागी त्याला भात सर्वांत शक्य वाटला समजा. दुसऱ्या जागी भाजी, आमटी, पोळी, खिचडी अशा स्त्रीलिंगी पदार्थांच्या शक्यतांची बेरीज होऊन ‘वाढली’ पुढे निघालं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी योग्य, आणि जोडून वाचलं तर ‘भात वाढली’. एका जागेला दुसऱ्या जागेत काय भरलं गेलं हे माहीतच नसतं. पुढचा शब्द सांगणारं मॉडेल आधी ‘भात’ लिहितं, मग तो भात समोर ठेवूनच पुढचा शब्द निवडतं, त्यामुळे त्याला ‘वाढला’ म्हणावंच लागतं. एकेक शब्द पक्का करत जाणं हेच लेखन आहे, आणि ते या पद्धतीच्या शिकवणीतच आहे. बर्टकडून एकेक जागा भरून घेत लिहून घेता येतं, पण किती जागा ठेवायच्या हे आधी ठरवावं लागतं, आणि वाक्य किती लांब होईल हे लिहिण्याआधी कोणाला माहीत असतं?

मास्किंगमध्ये आणखी एक फसगत होते, तीही मराठीसारख्या प्रत्यय जोडणाऱ्या भाषेत जास्त. ‘कोल्हापुरातल्या’ या शब्दाचे ‘कोल्हा’, ‘पुरा’, ‘तल्या’ असे तीन टोकन झाले आणि फक्त मधला झाकला गेला असं धरा. तो ओळखायला वाक्य वाचण्याची गरजच नाही, शेजारचे दोन तुकडे उत्तर सांगून टाकतात. मॉडेलचा दंड घटतो, आकडे छान दिसतात, शिकलेलं मात्र थोडंच. म्हणून पुढे शब्दाचे सगळे तुकडे एकदम झाकण्याची पद्धत आली. बर्टच्या कर्त्यांनीच तशी इंग्रजी मॉडेलं नंतर दिली.

आणि टोकन पाडण्याआधीच मजकूर बिघडला तर झाकून ओळखण्याचा सगळा खेळ बिघडलेल्या मजकुरावर चालतो. बर्टच्या पहिल्या बहुभाषिक आवृत्तीत युरोपीय अक्षरांवरच्या खुणा पुसण्याची पायरी होती. देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हेही त्या व्यवस्थेत ‘खुणा’ म्हणून मोजले जातात, तेही पुसले जात. त्यामुळे ‘पुणे’ या शब्दाचं ‘पण’ होई आणि ‘पण’ हे अव्यय होतंच, दोन्ही एकरूप! गूगलने नंतर ही पायरी नसलेली आवृत्ती दिली आणि तीच वापरा असं सांगितलं. मराठीसाठी कोणतंही मॉडेल घेण्याआधी त्याच्या टोकन पाडणाऱ्या भागात एक ओळ घालून बाहेर काय येतं ते डोळ्यांनी पाहावं. ‘पुणे’ टाकून ‘पण’ आलं, तर ते मॉडेल मराठीसाठी घेऊ नये.

त्या सुधारलेल्या बहुभाषिक बर्टला पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 2022 साली मराठी वाक्यांवर झाकलेले शब्द ओळखायला लावून आणखी शिकवलं आणि महाबर्ट तयार केलं. सोबत सुमारे 2 कोटी 48 लाख मराठी वाक्यांचा संग्रहही सगळ्यांसाठी खुला केला. बर्टच्या इंग्रजी मजकुराच्या तुलनेत तो फारच लहान आहे, पण बातम्यांची वर्गवारी करणं किंवा मजकुरातली नावं शोधणं अशा कामांसाठी हे छोटं मॉडेल साध्या यंत्रावरही चालतं.

म्हणून कोणी मराठी मजकुरासाठी मॉडेल निवडत असेल तर आधी काम काय आहे ते पाहावं. नगरपालिकेकडे आलेली हजारो तक्रारपत्रं पाणी, रस्ते, कचरा अशी वेगळी करायची असतील तर गाळलेल्या जागा भरत शिकलेलं मॉडेल घ्या. त्या पत्रांना उत्तरं लिहायची असतील तर पुढचा शब्द सांगत शिकलेलं.