आदेश पोचला कधी?

एका व्यापाऱ्याचं अपील कागद न उघडताच फेटाळलं गेलं, असं ऐकलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. त्याचं म्हणणं चूक की बरोबर याचा विचारही झाला नव्हता. मुदत उलटली, एवढंच त्या निकालात होतं. जीएसटीचं अपील नेमकं कसं चालतं ते पाहायचं ठरवलं आणि सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात जाऊन बसू लागलो.

तिथे अपिलांचं काम एक ताई बघतात. सगळे त्यांना ताईच म्हणतात. नवीन फाइल आली की आत काय आहे ते वाचण्याआधी त्या पुठ्ठ्यावर लाल शाईने तीन तारखा लिहितात : आदेश पोर्टलवर कधी चढला, तीन महिने कधी संपतात, चौथा महिना कधी संपतो. त्यानंतरच त्या पहिलं पान उघडतात. पक्षकार समोर बसून आपलं गाऱ्हाणं सांगत असतो, तरी त्यांचा हात आधी त्या तारखांकडेच जातो. सुरुवातीला मला हे जरा रुक्ष वाटलं होतं.

१७ एप्रिल २०२५ ला लोखंडी सामानाचे एक व्यापारी आले. मार्चचं विवरणपत्र भरायला त्यांनी नुकताच नवा हिशेबनीस ठेवला होता. त्याने पोर्टल उघडलं आणि १२ फेब्रुवारीचा आदेश त्याच्या नजरेस पडला. आर्थिक वर्ष २०२०-२१. करच ४ लाख २० हजार. त्यावर व्याज आणि ४२ हजारांचा दंड धरून मागणी पावणेआठ लाखांच्या घरात गेली होती. नोटीस नोव्हेंबरमध्ये निघाली होती, सुनावणीची तारीखही पडली होती. पण पोर्टलवर नोंदवलेला ई-मेल जुन्या हिशेबनीसाचा, आणि तो काम सोडून गेलेला. मोबाइलवर संदेश आले असतील, असं शेठ स्वतःच म्हणाले. पण जीएसटीचे संदेश रोजच येतात, त्यातला कोणता महत्त्वाचा ते कसं कळणार? उत्तर गेलं नाही, सुनावणीला कोणी हजर राहिलं नाही, आणि अधिकाऱ्याने एकतर्फी आदेश दिला.

“मला तर काल कळलं,” शेठ म्हणाले. “मग मुदत कालपासून धरा ना.”

ताईंनी पुठ्ठ्यावर लिहिलं : १२ फेब्रुवारी, १२ मे, १२ जून.

कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे आदेश कळवला गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत अपील करावं लागतं. पुरेसं कारण दाखवलं तर अपिलाचा अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतो, त्यापुढे नाही. ‘कळवला गेल्यापासून’ म्हणजे केव्हापासून, यावर देशभरातल्या उच्च न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. पण पोर्टलवर आदेश ठेवणं हा कलम १६९ मध्ये सांगितलेला कळवण्याचा एक रीतसर मार्ग आहे. त्यामुळे शेठना कधी कळलं यावर विसंबून राहायला ताई तयार नव्हत्या. “तो मुद्दा आपण मांडू,” त्या म्हणाल्या, “पण त्याच्यावर गाडी चालवायची नाही. तारीख धरायची ती पोर्टलचीच.” नव्वद दिवस मोजण्याचीही त्यांना सवय नाही. कायदा महिने म्हणतो, म्हणून त्या महिनेच मोजतात. शिवाय १२ मेला बुद्ध पौर्णिमेची सुट्टी आणि त्याआधी शनिवार-रविवार होते. त्यांनी चौथी तारीख लिहिली, ८ मे. काम त्या दिवशी संपवायचं.

मग वाद काय आहे ते पाहिलं. विक्रीचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये जातो आणि कर जीएसटीआर-३बी मध्ये भरला जातो. दोन्हींतल्या कराचा फरक काढून तेवढा कर कमी भरला, असं अधिकाऱ्याने धरलं होतं. ताईंनी बारा महिन्यांची बिलं एकाखाली एक लावली आणि फरकाचे दोन तुकडे सापडले. डिसेंबर २०२० मधली एक विक्री ३बी मध्ये खरोखरच राहून गेली होती. तिच्यावरचा कर ६० हजार. उरलेल्या ३ लाख ६० हजारांची गोष्ट निराळी होती. एका कंत्राटदाराला वीस लाखांचा माल गेला होता, अठरा टक्क्यांनी त्यावर तेवढाच कर होतो. ते बिल एका महिन्यात ‘२१४’च्या आधी तिरकी रेघ देऊन चढवलं होतं आणि पुढच्या महिन्यात तेच आडवी रेघ देऊन. पोर्टल एकाच वर्षात तोच बिल क्रमांक दुसऱ्यांदा घेत नाही. पण खूण बदलली की त्याच्या लेखी क्रमांकही बदलतो. माल एकदाच गेला होता. गाडी एक, बिल्टी एक, ई-वे बिल एक, आणि बँकेत पैसेही एकदाच आलेले.

इथे प्री-डिपॉझिटचा हिशेब येतो. एकूण मागणीच्या दहा टक्के भरायचे, म्हणजे सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास, असं शेठना कोणीतरी सांगितलं होतं. ताईंनी कागदावर दोन रकाने पाडले. एकात कबूल रक्कम, दुसऱ्यात वादातली. जे कबूल आहे ते सगळं भरावं लागतं : ६० हजार कर, त्यावर वर्षाला अठरा टक्क्यांनी भरण्याच्या दिवसापर्यंतचं सुमारे ४६ हजार व्याज आणि त्या वाट्याचा ६ हजार दंड. वादातल्या रकमेचे दहा टक्के भरायचे, पण ते फक्त कराचे. त्यावरचं व्याज आणि दंड या दहा टक्क्यांत धरत नाहीत. तेव्हा ३ लाख ६० हजारांचे दहा टक्के, ३६ हजार.

“छत्तीस हजार?” शेठनी विचारलं. “आणि बाकीचं?”

“बाकीच्याची वसुली थांबते. छत्तीस हजारात.”

ते खरं आहे. कबूल रकमेसोबत हे छत्तीस हजार भरून अपील दाखल झालं की उरलेल्या मागणीची वसुली कायद्यानेच स्थगित मानली जाते, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. एरवी आदेशाला तीन महिने झाले की खात्यातले पैसे परस्पर भरायला बँकेला सांगण्याची मुभा विभागाला असते. अपील जिंकलं तर हे पैसे व्याजासह परत मिळतात. त्या दिवशी शेठ तो आकडा पुनःपुन्हा उच्चारत राहिले. पावणेआठ लाखांच्या धास्तीत त्यांना धरता येईल असा तो पहिलाच आकडा होता.

हे ३६ हजार इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमधूनही देता येतात. मुंबई उच्च न्यायालयाने ओएसिस रिअल्टीच्या प्रकरणात २०२२ साली ते मान्य केलं आहे. व्याज आणि दंड मात्र रोखीच्या लेजरमधूनच द्यावे लागतात. पैसे कुठून जातात याइतकंच ते कशाच्या नावे पडतात हेही महत्त्वाचं. घाईत काही जण ही रक्कम डीआरसी-०३ या ऐच्छिक भरण्याच्या फॉर्मने भरतात. पैसे सरकारात जमा होतात, पण त्या मागणीला चिकटत नाहीत. पोर्टलवर मागणी पूर्ण उभीच दिसते आणि वसुलीचं पत्र येतं. मग डीआरसी-०३ए भरून ती रक्कम मागणीला जोडून घ्यावी लागते. म्हणून ताई अपिलाच्या पानावरूनच, त्याच मागणीसमोर पैसे भरतात.

फॉर्म एपीएल-०१ भरायला फार वेळ लागला नाही. पोर्टलवर My Applications मध्ये आदेशाचा क्रमांक टाकला की मागणीचे आकडे आपोआप उतरतात. कबूल आणि वादातली रक्कम केंद्राच्या आणि राज्याच्या करात वेगळी दाखवायची, जोडपत्रात हकिगत, अपिलाचे मुद्दे आणि मागणं लिहून त्याची पीडीएफ चढवायची, आणि ओटीपीने सही करायची. आदेश पोर्टलवरच असल्याने त्याची छापील प्रत नेऊन द्यावी लागत नाही.

वेळ लागला तो एका परिच्छेदाला. शेठनी खाली उत्तरच दिलेलं नसल्याने बिल्टी, ई-वे बिल आणि बँकेचा उतारा हे सगळे अपिलातले नवे पुरावे ठरत होते. नियम ११२ प्रमाणे नवा पुरावा आपोआप घेतला जात नाही; तो खाली का देता आला नाही, याचं पटेल असं कारण लागतं. ताईंनी तो परिच्छेद कितीदा तरी खोडून लिहिला. जुन्या हिशेबनीसाचा ई-मेल, त्याने काम सोडल्याची तारीख, नवा माणूस आल्याची तारीख, सगळं कागदासह मांडलं. सोबत कंत्राटदाराकडून लेखी घेतलं की त्यानेही या बिलाचं क्रेडिट एकदाच घेतलं आहे. हा कागद नसता, तर दोन नोंदींवर दोनदा क्रेडिट गेलं असेल ही शंका उरलीच असती. ८ मेला अपील दाखल झालं.

त्याच आठवड्यात आणखी एक दुकानदार आले. त्यांचा आदेश २० नोव्हेंबरचा होता. ताईंनी २० फेब्रुवारी लिहिलं, २० मार्च लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्यांच्या आदेशातली चूक तर शेठच्या आदेशापेक्षा ढळढळीत होती, बेरीजच चुकली होती. पण चौथा महिना गेला की अपिलाच्या अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. अबकारी कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सिंग एंटरप्रायझेसच्या निकालात २००७ सालीच हे स्पष्ट केलं होतं. बेरजेची चूक मूळ आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःहूनही दुरुस्त करता येते, आणि तसं त्याला लेखी सुचवता येतं. ताईंनी तो मार्ग धरला. चूक बेरजेची नसती, तर उच्च न्यायालयात रिट करण्याखेरीज काही उरलं नसतं, आणि तिथे दार उघडेल याची खात्री नाही. लहान दुकानदाराला तो खर्चही झेपत नाही. तारखा आधी लिहिण्याची ताईंची सवय मला त्या दिवशी पटली.

शेठच्या अपिलाची सुनावणी पुढे झाली. अपिलाच्या अधिकाऱ्याने नवा पुरावा दाखल करून घेतला. त्याला प्रकरण खालच्या अधिकाऱ्याकडे परत पाठवता येत नाही, मागणी ठेवायची, बदलायची की रद्द करायची हे त्यालाच ठरवावं लागतं. ३ लाख ६० हजारांची मागणी, त्यावरच्या व्याजादंडासह, रद्द झाली. उलटा निकाल लागला असता तर न्यायाधिकरणापुढे जाताना वादातल्या कराचे आणखी दहा टक्के भरावे लागले असते.

दहा टक्के भरण्याची अट मला अन्यायाची वाटत नाही. ती कराच्या प्रमाणात आहे, जिंकलं तर रक्कम परत मिळते आणि त्या बदल्यात वसुली थांबते. मुदत ठरवून देण्यालाही माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मुदत कुठून मोजायची याला. एखाद्याच्या दुकानाला टाळं लागू शकेल असा आदेश त्याने पाहिला की नाही, याची खातरजमा न करता घड्याळ सुरू होतं, आणि चार महिन्यांनंतर अपिलाच्या अधिकाऱ्यालाही काही करता येत नाही. चौथ्या महिन्याची सीमा इतकी कडक ठेवायची असेल, तर एकतर्फी आदेश तरी टपालाने पोचवून पोच घेतली पाहिजे. पोचीसह स्पीड पोस्टाचा मार्गही त्याच कलम १६९ मध्ये आहे. तो वापरायला कायदा बदलावा लागणार नाही.