कर्ज बुडण्याआधीच मोजलेला तोटा

अपेक्षित पतहानी तीन आकड्यांच्या गुणाकारातून निघते: कर्ज थकण्याची शक्यता, थकल्यावर वसूल न होणारा हिस्सा आणि त्या वेळी येणे असलेली रक्कम. समजा, एका पतसंस्थेची तीन कर्जे आहेत.

सोनेतारणावर ४ लाख येणे आहेत. वर्षभरात थकण्याची शक्यता ५ टक्के. पण दागिने लिलावात विकून बहुतेक पैसे परत येतात, म्हणून बुडीत हिस्सा १० टक्केच. अपेक्षित तोटा २,००० रुपये. ट्रॅक्टरचे ६ लाख थकण्याची शक्यता ४ टक्के, म्हणजे सोन्यापेक्षा कमी. मात्र जप्त केलेला जुना ट्रॅक्टर पडत्या भावात जातो. बुडीत हिस्सा ४० टक्के धरला, तर तोटा ९,६०० रुपये. विनातारण २ लाखांवर ६ आणि ७० टक्के धरून ८,४०० होतात. एकूण तरतूद २०,००० रुपये.

ही फक्त सरासरी आहे. ट्रॅक्टरचे कर्ज खरेच थकले, तर एकट्या त्याचेच २,४०,००० रुपये बुडतील. दुष्काळात अशी अनेक कर्जे एकदम थकतात. तो धक्का या तरतुदीतून भागत नाही, त्यासाठी वेगळे भांडवल लागते.