थंडीतही घाम का फुटतो?

डिसेंबरच्या रात्रीही हे घडतं. गाढ झोपलेल्या बाईच्या छातीत एकदम ऊब उसळते, गळ्यावरून चेहऱ्यावर चढते, कानशिलं तापतात, छाती धडधडू लागते. पांघरूण भिरकावून ती उठून बसते, तोवर वरच्या ओठावर, मानेमागे, छातीवर घाम साचलेला असतो. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि ओल्या गाऊनमध्ये तिला हुडहुडी भरते. सकाळी घरात सांगितलं तर लेक म्हणते, "आई, उष्णता वाढली असेल. सब्जाचं पाणी घे."

पण उष्णता वाढलेली नसते. हॉट फ्लशच्या वेळी मोजमापं घेतली, तर बोटांच्या त्वचेचं तापमान चढलेलं दिसतं, कारण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैल होऊन गरम रक्त पृष्ठभागाकडे धावतं. घाम येऊन गेल्यावर शरीराच्या आतलं तापमान मात्र उलट उतरतं. नंतरची हुडहुडी त्यामुळेच भरते. मे महिन्यात भर उन्हातून चालताना शरीर स्वतःला गार करण्यासाठी जे करतं, नेमकं तेच इथे चाललेलं असतं. फरक एवढाच, की गार करण्याची काही गरज नसते. आदेश चुकीचा सुटलेला असतो आणि तो मेंदूतून सुटलेला असतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. रक्ताचं तापमान पाहून घाम आणायचा की कापरं भरवायचं, हे तो ठरवतो. दर बारीकसारीक चढउताराला तो हलत नाही. मधला एक पट्टा तो सोडून देतो, ज्यात घामही नको आणि थरथरही नको. अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात रॉबर्ट फ्रीडमन यांनी हा पट्टा मोजला. पाळी गेलेल्या, पण फ्लशचा त्रास नसलेल्या बायकांमध्ये तो सुमारे ०.४ अंश सेल्सिअस रुंद निघाला. त्रास असलेल्या बायकांमध्ये तो जवळजवळ उरलाच नव्हता. बहुतेक फ्लशच्या आधी आतलं तापमान किंचितसं चढतं, असंही त्यांना दिसलं. दिवसभरात कुणाचंही तापमान एवढं वरखाली होतंच. इतरांना ते कळत नाही, या बाईला मात्र तेवढ्याने घाम फुटतो. गरम चहा, पोळ्या लाटताना तव्याची धग, गर्दीची लोकल, जाड दुलई या गोष्टींनी फ्लश का येतो, याचा उलगडा इथे होतो.

मग हा पट्टा आक्रसतो कशाने? "इस्ट्रोजेन कमी झालं" हे उत्तर अर्धंच आहे. लहान मुलींमध्येही इस्ट्रोजेन कमीच असतं, त्यांना हॉट फ्लश येत नाहीत. टर्नर सिंड्रोम या जन्मजात अवस्थेत बीजांडकोश नीट काम करत नाहीत. अशा मुलींना फ्लशचा त्रास नसतो, पण औषध म्हणून इस्ट्रोजेन सुरू करून मध्येच बंद केलं तर तो सुरू होतो. म्हणजे मेंदूला आधी इस्ट्रोजेनची सवय लागावी लागते. फ्लश येतात ते सवयीचं इस्ट्रोजेन निघून गेल्यावर.

पुढचा धागा १९७०च्या दशकाअखेरीस हाती लागला. बीजांडकोशाला चालना देणारं एलएच हे संप्रेरक मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून झटक्याझटक्याने सुटतं, आणि प्रत्येक फ्लश अशा एका झटक्याच्या आगेमागेच येतो असं आढळलं. दोष एलएचचा म्हणावा, तर पिट्युटरी काढून टाकलेल्या बायकांनाही फ्लश येत होते. तेव्हा या दोन्ही गोष्टी घडवणारं तिसरंच काहीतरी वरच्या बाजूला, हायपोथॅलॅमसमध्ये असणार.

ते सापडलं मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नाओमी रान्स यांनी १९९०च्या सुमारास पाळी सुरू असलेल्या आणि पाळी गेलेल्या बायकांचे हायपोथॅलॅमस सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पाळी गेलेल्यांमध्ये चेतापेशींचा एक विशिष्ट समूह फुगून मोठा झाला होता, आणि न्यूरोकायनिन बी नावाचा रासायनिक निरोप त्या पेशी आधीपेक्षा कितीतरी जास्त तयार करत होत्या. एरवी इस्ट्रोजेन या पेशींना लगाम घालतं. लगाम सुटला की त्या उसळतात. त्यांचे तंतू तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचलेले असल्यामुळे त्यांचा निरोप तिथेही जातो, आणि केंद्र शरीर गार करण्याचा हुकूम सोडतं. त्याच पेशी एलएचचे झटकेही घडवतात. दोन गोष्टी जोडीने का येत होत्या, ते असं उलगडलं.

हे अनुमानच राहिलं असतं, पण २०१५ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी पाळी सुरू असलेल्या १० निरोगी तरुण स्त्रियांना शिरेतून न्यूरोकायनिन बी दिलं. त्यांतल्या आठजणींना हॉट फ्लश आले.

मला वाटतं, एवढं कळल्यावर उपायांकडे पाहण्याची नजरच बदलते. सब्जा, कोकम सरबत, गुलकंद, वाळ्याचं पाणी जिभेला आणि मनाला बरं वाटतं, ते खुशाल घ्यावं. पण त्या पेशींपर्यंत ते पोहोचत नाही. पंखा, सुती कपडे, एकाऐवजी दोन पातळ पांघरुणं यांचा उपयोग थोडा वेगळा आहे. आतलं तापमान त्या नाहीशा झालेल्या पट्ट्याच्या वर जाऊ नये, याला त्यांची मदत होते. फ्रीडमन यांच्या प्रयोगांत गार खोलीत झोपलेल्या बायकांना निदान रात्रीच्या पूर्वार्धात फ्लश कमी आले. त्रास त्याने हलका होतो, मूळ मात्र जागेवर राहतं.

मुळाशी सर्वांत चांगलं काम करतं ते इस्ट्रोजेनच. पण स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर आजार झालेल्यांना ते सहसा देत नाहीत, आणि कित्येकींना ते घ्यायचंच नसतं. एक उदाहरण घेऊ. समजा साताऱ्याच्या एका ४८ वर्षांच्या शिक्षिकेचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आहे आणि तिला टॅमॉक्सिफेन सुरू आहे. हे औषध स्तनात इस्ट्रोजेनचा मार्ग अडवतं, त्यामुळे हॉट फ्लश आणखी भडकतात. दिवसा वर्गात फळ्यासमोर उभी असताना पाच-सहा, रात्री तीन-चार. वैतागून तिने टॅमॉक्सिफेनच बंद करायचं ठरवलं, तर तो जिवाशी खेळ होईल.

अशा बाईला बहुधा व्हेन्लाफॅक्सिन दिलं जातं. हे मुळात नैराश्याचं औषध. ते फ्लशवर चालतं हे मेयो क्लिनिकच्या चार्ल्स लोप्रिन्झी यांच्या २०००च्या अभ्यासाने दाखवलं. तोही मुख्यतः स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांवरच झाला होता. फ्लशची संख्या आणि तीव्रता एकत्र धरली, तर चार आठवड्यांत ७५ मिलिग्रॅमवर त्रास ६१ टक्के कमी झाला आणि नुसत्या साखरेच्या गोळीवर २७ टक्के. हा दुसरा आकडा विसरू नये. नुसत्या आशेनेही एवढा फरक पडतो, म्हणून "अमक्या चूर्णाने मला बरं वाटलं" हा पुरावा ठरत नाही. आपल्या शिक्षिकेला डॉक्टर आधी ३७.५ मिलिग्रॅम देतील, आठवड्याने ७५ करतील. एक-दोन आठवड्यांत फरक कळतो. सुरुवातीला मळमळतं, तोंड कोरडं पडतं, रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं आणि गोळी एकदम बंद करायची नसते. तिला एक गोष्ट मात्र टाळायलाच हवी. पॅरॉक्सेटिन हे याच कामासाठी अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेलं औषध यकृतातलं एक विकर अडवतं, आणि टॅमॉक्सिफेन नीट कामाला येण्यासाठी नेमकं तेच विकर लागतं. रात्रीचाच त्रास जास्त असेल, तर झोपताना गॅबापेंटिन देता येतं. त्याने गुंगी येते, म्हणून ते रात्रीच बरं. पण पहाटे बाथरूमला उठताना तोल जाऊ शकतो.

गोळीशिवायचा सिद्ध झालेला उपाय म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मायरा हंटर यांनी गटाच्या मोजक्या साप्ताहिक बैठकांमधून ती तपासली. फ्लशची संख्या फारशी घटली नाही, पण त्यांचा जाच ठळकपणे कमी झाला आणि तो फरक सहा महिन्यांनीही टिकून होता. चेहरा तापू लागला की "वर्गातली सगळी मुलं बघताहेत" हा विचार धडधड वाढवतो. तो विचार ओळखून सोडणं, पोटातून संथ श्वास घेणं, रात्री जाग आली की घड्याळाकडे न पाहणं, या गोष्टी तिथे शिकवतात. नुसता संथ श्वास एकटा वापरून पाहिला तेव्हा मात्र उपयोग सिद्ध झाला नाही. योग आणि व्यायाम झोपेला, हाडांना, मनाला चांगले आहेत. फ्लश कमी होण्याचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नये. वजन जास्त असेल, तर ते उतरवल्याने मात्र मदत होते.

रान्स यांच्या शोधातून थेट निघालेलं औषध म्हणजे फेझोलिनेटंट. न्यूरोकायनिन बीचा निरोप ज्या दारातून आत जातो, ते दारच ते बंद करतं. अमेरिकेत त्याला मे २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि त्यात कोणतंही संप्रेरक नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यावर यकृताच्या इजेचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ते घेण्याआधी आणि पहिले तीन महिने दरमहा यकृताच्या तपासण्या लागतात. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, असं काही दिसलं की गोळी तिथेच थांबवायची. नवीन आणि नेमकं आहे म्हणून ते सर्वांना योग्य, असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, गर्भाशयाची पिशवी काढली आहे का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील, तर इस्ट्रोजेन वर्षांऐवजी दिवसांत कोसळतं आणि फ्लश फार जोराने येतात. तिशीतल्या बाईला हे होत असेल, तर डिस्चार्ज कार्ड शोधून काय काय काढलं ते बघा आणि ते कार्ड घेऊनच डॉक्टरांकडे जा. एवढ्या लवकर इस्ट्रोजेन गेल्याने हाडं आणि हृदयही धोक्यात येतात. तिच्या बाबतीत हॉर्मोन नकोत असं आधीच ठरवून टाकू नका.

रात्रीचा प्रत्येक घाम पाळीच्या खात्यावर टाकू नये. घामाबरोबर संध्याकाळचा ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या. हात थरथरत असतील, नाडी सतत जलद असेल तर थायरॉइडची. तसं काही नसेल, तर दोन आठवडे वहीत रोज लिहा, दिवसा किती वेळा, रात्री किती वेळा, त्याआधी काय खाल्लं-केलं आणि सध्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा, आणि "या वयात असं व्हायचंच" एवढंच उत्तर मिळालं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.