लंडनचा पहिला दिवस भारतीय घड्याळाने आखा

मुंबईहून रात्री दोनला सुटलेलं विमान साधारण दहा तासांनी लंडनला उतरतं, तेव्हा तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. अख्खा दिवस हाताशी आहे असं वाटतं आणि बेत तिथेच फसतो. अकराला टॉवर ऑफ लंडन, दुपारी लंडन आय, संध्याकाळी वेस्ट एंडला नाटक, अशी तिकिटं आगाऊ काढलेली असतात. यातल्या प्रत्येक वेळेपुढे भारतीय वेळ लिहून पाहा. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे साडेसातचं नाटक सुरू होताना तुमच्या शरीराचे रात्रीचे बारा वाजलेले असतात, तेही आदल्या रात्री विमानात धड डोळा लागलेला नसताना.

या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे जागरण. ते एक-दोन रात्रींच्या चांगल्या झोपेने बरंचसं भरून निघतं. दुसरा जेट लॅग. झोप, भूक आणि शरीराचं तापमान सांभाळणारं मेंदूतलं घड्याळ अजून मुंबईच्या वेळेवर चालत असतं. पश्चिमेकडे जाताना ते दिवसाला साधारण एक ते दीड तासच सरकतं, त्यामुळे लंडनशी जुळायला तीन-चार दिवस लागतात.

हे घड्याळ सरकवायला सर्वांत जास्त उपयोग होतो तो उजेडाचा, पण तो कधी मिळतो यावर सगळं अवलंबून असतं. रात्री अकराच्या सुमारास झोपणाऱ्या माणसाचं तापमान पहाटे चार-साडेचारला सर्वांत खाली असतं. त्याच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर उजेड पडला तर पुढची झोप उशिरा येते, आणि नंतर पडला तर लवकर. मुंबईची पहाटेची साडेचार म्हणजे लंडनची मध्यरात्र. आपल्याला झोप उशिरावर न्यायची आहे, म्हणून संध्याकाळचा उजेड आपल्या कामाचा, आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा उलट्या दिशेने ओढणारा.

आता मे अखेरचा पहिला दिवस आखू. इमिग्रेशन, सामान आणि शहरापर्यंतचा प्रवास धरता हॉटेलवर पोहोचेपर्यंत साडेदहा वाजतात. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनलाच मिळते, पण बॅगा रिसेप्शनवर ठेवता येतात. हॉटेल मध्य लंडनमध्ये असेल तर हाइड पार्क किंवा सेंट जेम्स पार्कमध्ये रमतगमत फिरा. वेळेचं बंधन असलेलं तिकीट या दिवसासाठी काढूच नका, म्हणजे विमानाला उशीर झाला तरी काही बुडत नाही. चहा-कॉफी दुपारी दोनपर्यंतच घ्या. त्यातलं कॅफीन अंगातून निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात.

खोली मिळाली की अंघोळ करून गजर लावा आणि अर्धा तास पडा. सगळा दिवस बिघडतो तो इथे. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आलेले असतात. गजराशिवाय झोपलात तर गाढ झोप लागते, रात्री नऊला डोकं जड होऊन जाग येते आणि मग उरलेली रात्र छताकडे बघत जाते. झोपून उठलात की बाहेर पडा. सहा-साडेसहाला हलकं जेवा, कारण पोटाच्या हिशेबाने रात्रीचे अकरा झालेले असतात. मग थेम्सच्या काठाने चाला. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तोवरचा उजेड फुकटचं औषध आहे. साडेनऊपर्यंत तग धरलात तर पुरे.

एवढं करूनही पहाटे तीनला जाग येईल. मुंबईत साडेसात वाजलेले असतात, तेव्हा त्यात काही बिघडलेलं नाही. मोबाइल उघडू नका. पाचच्या आतच उजाडतं, म्हणून पडदे रात्रीच घट्ट ओढून ठेवा. भूक लागलीच तर जवळ खाकरा असू द्या. दुसऱ्या दिवशी तुमची खरी तरतरी सकाळी असते, म्हणून मोठी ठिकाणं दुपारच्या आत उरका आणि नाटक चौथ्या दिवशी ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

हा आराखडा सगळीकडे चालत नाही. डिसेंबरात लंडन साडेपाच तास मागे असतं आणि चारच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा संध्याकाळ भरपूर दिव्यांच्या जागी काढावी लागते. टोकियोला तर गणित उलटतं. ते आपल्या साडेतीन तास पुढे असल्याने मुंबईची पहाटेची साडेचार म्हणजे तिथले सकाळचे आठ. तिथे झोप लवकर यायला हवी असते, म्हणून आठच्या आधी गॉगल लावा आणि त्यानंतरची सकाळ उन्हात काढा.