कान शंका घेतो, कॉर्पस साक्ष देतो

मराठीत पाऊस मुसळधार असतो, झोप गाढ असते आणि चहा कडक असतो. ‘दाट झोप’ म्हटलं तर अर्थ कळतो, व्याकरणही चुकत नाही, पण ऐकणारा थबकतो. कोणता शब्द कोणाच्या सोबतीला बसतो हे प्रत्येक भाषेनं वापरातून ठरवलेलं असतं. भाषाअभ्यासक अशा जोड्यांना कॉलोकेशन म्हणतात. इटालियन अनुवाद पुरा झाला, व्याकरण तपासलं, शुद्धलेखन पाहिलं, तरी मजकूर ‘अनुवादाचा वास मारतो’ असं वाटत राहतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा या जोड्यांमध्ये दडलेला असतो. तो शोधायला दोन साधनं हाताशी असतात: स्वतःचा आवाज आणि इटालियन मजकुराचा मोठा साठा, म्हणजेच कॉर्पस.

हे दोन टप्पे एकापाठोपाठ कसे चालतात ते एका नमुन्यावर पाहू. नमुना या लेखासाठीच रचलेला आहे. मूळ मराठी वाक्यं अशी: ‘त्या रात्री जोराचा पाऊस पडत होता. आजीनं आपले हात धुतले, तीन भावांच्या मधे बसलेल्या मुलाकडे नीट पाहिलं आणि हळूच त्याला एक प्रश्न विचारला.’ त्याचा पहिला इटालियन खर्डा असा झाला आहे असं धरू:

‘क्वेल्ला नोत्ते कादेवा ऊना प्योज्जा फोर्ते. ला नोन्ना सी लावो ले सूए मानी, ग्वार्दो आत्तेन्तामेन्ते इल रागात्सो सेदूतो त्रा त्रे फ्रातेल्ली ए लेन्तामेन्ते ल्यी क्येसे ऊना दोमान्दा.’

आता पहिला टप्पा. खर्डा दोन-तीन दिवस बाजूला ठेवायचा, मग कागदावर छापून, मूळ मजकूर नजरेआड करून, मोठ्यानं वाचायचा. मूळ समोर असलं की कान मराठी ऐकतो आणि डोळे इटालियनवरून नुसते सरकतात. वाचताना दुरुस्ती करायची नाही, फक्त पेन्सिलीनं खुणा करायच्या. दुरुस्तीसाठी थांबलं की वाक्याची लय तुटते आणि पुढचा अडथळा ऐकूच येत नाही. इटलीतल्या प्रकाशनव्यवहारात मजकूर ‘कार्तेल्ला’त मोजतात. एक कार्तेल्ला म्हणजे मोकळ्या जागा धरून साधारण 1800 अक्षरं. ती शांतपणे मोठ्यानं वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. एका बैठकीत दहा-बारापेक्षा जास्त वाचू नयेत, कारण नंतर कान थकतो आणि सगळंच बरं वाटू लागतं.

आपल्या नमुन्यात आवाज कुठे अडखळतो? सर्वांत आधी ‘त्रा त्रे’पाशी. इटालियनमध्ये ‘मध्ये’ या अर्थी ‘त्रा’ आणि ‘फ्रा’ असे दोन शब्द आहेत. दोघांच्या अर्थात फरक नाही, निवड बरीचशी कानावरच होते: पुढचा शब्द ‘त्र’नं सुरू होत असेल तर ‘फ्रा’, ‘फ्र’नं सुरू होत असेल तर ‘त्रा’. म्हणजे ‘फ्रा त्रे फ्रातेल्ली’. ही चूक तपासणी-प्रणालीत सहसा लाल रेषेखाली येत नाही, पण जीभ ती लगेच पकडते.

दुसरी खूण ‘आत्तेन्तामेन्ते’ आणि ‘लेन्तामेन्ते’ या जोडीवर पडते. ‘मेन्ते’नं संपणारी क्रियाविशेषणं इटालियनमध्ये रोजचीच आहेत, पण एका वाक्यात जवळजवळ दोन आली की नको असलेलं यमक घणघणतं. तिसरी खूण ‘ले सूए मानी’वर. ‘सी लावो’ म्हणताना हात स्वतःचे हे सांगून झालेलं असतं, त्यामुळे ‘सूए’, म्हणजे ‘आपले’, हा शब्द वाचताना जादा ठोका पडल्यासारखा ऐकू येतो. मराठीत ‘आपले हात धुतले’ सहज चालतं, म्हणूनच ते खर्ड्यात घुसलं. इटालियन शरीराच्या अवयवांपुढे असा स्वामित्वदर्शक शब्द सहसा ठेवत नाही. ‘सी लावो ले मानी’ पुरतं.

इथवर काम कानानं केलं. आता उरल्या दोन जागा: ‘प्योज्जा फोर्ते’ आणि ‘क्येसे ऊना दोमान्दा’. वाचताना तिथे थोडी कुरकुर जाणवते, पण काय चुकलं ते सांगता येत नाही. शिवाय कानाला एक मोठी मर्यादा आहे. ज्यानं महिनाभर एकाच मजकुराशी झुंज घेतली आहे, त्याला मूळ भाषेच्या वळणाचं इटालियनही हळूहळू ओळखीचं वाटायला लागतं. पाचव्यांदा वाचलेली खटकणारी जोडी सहाव्यांदा खटकत नाही. म्हणून कानावर आलेली शंका बाहेरच्या साक्षीदाराकडे न्यावी लागते.

तो साक्षीदार म्हणजे एकभाषिक कॉर्पस: फक्त इटालियन मजकूर, तोही लाखो पानांचा, प्रत्येक शब्दाला त्याचं मूळ रूप आणि व्याकरणातली जात जोडलेला. बोलोन्या विद्यापीठात 1998मध्ये सुरू झालेल्या ‘कोरिस’मध्ये लिखित इटालियनचे निरनिराळे प्रकार मुद्दाम तोल सांभाळून घेतले आहेत. ‘पायझा’मध्ये मुक्त परवान्याचा वेबवरचा मजकूर आहे, सुमारे 25 कोटी शब्दांचा. ‘इत्वाक’ हा इटलीच्या संकेतस्थळांवरून गोळा केलेला साठा दोनशे कोटींच्या आसपास जातो. ‘ला रेपुब्लिका’ या दैनिकाच्या 1985 ते 2000 या काळातल्या मजकुराचा स्वतंत्र कॉर्पसही आहे.

द्विभाषिक कोश अशा शंकेला पुरेसा पडत नाही. तो ‘जोराचा’ म्हणजे ‘फोर्ते’ हे बरोबरच सांगतो, पण पावसाच्या शेजारी, कथेच्या ओघात इटालियन माणूस काय लिहितो हे सांगत नाही. ते कॉर्पसला असं विचारायचं:

```
[lemma="pioggia"] [tag="ADJ.*"]
```

याचा अर्थ: ‘प्योज्जा’ हा शब्द कोणत्याही रूपात शोध आणि त्याच्या लगेच पुढे विशेषण असेल ते दाखव. खुणांची नावं कॉर्पसगणिक थोडी बदलतात, म्हणून आधी त्या कॉर्पसची माहिती वाचून घ्यावी. उत्तरादाखल ओळींची यादी येते. प्रत्येक ओळीच्या मध्यभागी शोधलेला शब्द आणि दोन्ही बाजूंना त्याचा संदर्भ. नवशिके नुसते आकडे बघून खिडकी बंद करतात. खरं काम या ओळी वाचण्यात आहे.

ओळी वाचल्या की दिसतं की ‘फोर्ते’ पावसाला लागतंच. चूक ठरवून ते खोडण्यासारखं नाही. पण ते मोठ्या प्रमाणात हवामानाच्या बातम्यांत आणि इशाऱ्यांत भेटतं, अनेकदा अनेकवचनी. ‘कादेवा ऊना प्योज्जा’ हे कथेतलं वळण शोधलं, तर पुढे येतात बारीक, झिरमिर किंवा दाट पावसाची विशेषणं: ‘सोत्तीले’, ‘फीने’, ‘फित्ता’. म्हणजे क्रियापद एका वातावरणातलं आणि विशेषण दुसऱ्या, हीच ती कुरकुर होती. मग ‘प्योज्जा बात्तेन्ते’ घ्यावं का? ही जोडी पक्की आहे, पण ओळी सांगतात की तिच्या आधी बहुधा ‘सोत्तो’, म्हणजे ‘खाली’, असतं. कोणी तरी त्या झोडपणाऱ्या पावसात चालतंय, थांबलंय, खेळतंय. आपली आजी घरात आहे. तिच्या बाबतीत क्रियापद धरून जाणारा ‘प्योवेवा आ दिरोत्तो’ हा साधा, कथेत मुरलेला प्रयोग नेमका बसतो. मुसळधार पाऊस पडत होता, इतकंच तो म्हणतो.

आता प्रश्न. मराठीत आपण प्रश्न विचारतो, म्हणून खर्ड्यात ‘क्येसे’, म्हणजे ‘विचारला’, आलं. कॉर्पसमध्ये ‘दोमान्दा’च्या आधीची क्रियापदं पाहिली तर रोजच्या भाषेत ‘फारे’, औपचारिक लेखनात ‘पोर्रे’ आणि ‘रिवोल्जेरे’ पुढे येतात. म्हणजे इटालियन माणूस प्रश्न ‘करतो’ किंवा ‘मांडतो’. मात्र इथे एक खाच आहे. पुढचे दोन शोध घेऊन पाहा:

```
[lemma="fare"] [word="domanda"]
[lemma="fare"] [word="una"] [word="domanda"]
```

पहिल्या शोधाच्या ओळी नोकरी, शिष्यवृत्ती, नागरिकत्व अशा विषयांच्या निघतात, कारण मधलं ‘ऊना’ गेलं की त्याचा अर्थ ‘अर्ज करणे’ असा होतो. आजीनं मुलाला अर्ज केला असं कुणाला म्हणायचं नाही! फक्त आकडा बघणाऱ्याला दोन्ही शोध हिरवा कंदील दाखवतात. फरक कळतो तो संदर्भ वाचल्यावरच.

‘लेन्तामेन्ते’चीही अशीच उलटतपासणी केली. त्याच्या आसपास हलण्याची, बदलण्याची क्रियापदं दिसतात: चालणं, सरकणं, मावळणं. ते संथपणाचं क्रियाविशेषण आहे. आजीचं ‘हळूच’ हे वेगाचं नसून आवाजाचं होतं. बोलण्याच्या क्रियापदांजवळ कॉर्पसमध्ये ‘सोत्तोवोचे’ सापडतं. कानाला फक्त यमक खटकलं होतं, पण त्या खुणेमागे अर्थाचीच चूक निघाली. दुरुस्त वाक्यं अशी झाली: ‘क्वेल्ला नोत्ते प्योवेवा आ दिरोत्तो. ला नोन्ना सी लावो ले मानी, ग्वार्दो बेने इल रागात्सो सेदूतो फ्रा त्रे फ्रातेल्ली ए ल्यी फेचे सोत्तोवोचे ऊना दोमान्दा.’ बदल केल्यावर ती पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायची, कारण नवा शब्द शेजारच्या शब्दाशी नवा खडखडाट करू शकतो.

कॉर्पसची साक्षही तपासून घ्यावी लागते. वेबवरून जमवलेल्या साठ्यात वाईट अनुवादही शिरलेले असतात. इंग्रजीच्या वळणावर बेतलेली ‘पागारे आत्तेन्सिओने’, म्हणजे लक्ष ‘मोजून देणं’, अशी जोडीसुद्धा तिथे भेटू शकते. इटालियनमध्ये रूढ क्रियापद ‘प्रेस्तारे’ आहे. म्हणून ओळ कुठून आली ते पाहायचं. एकाच संकेतस्थळावरच्या दहा ओळी ही एकच साक्ष. आकडे दोन कॉर्पसमध्ये तोलायचे तर दर दहा लाख शब्दांमागे किती, असेच तोलायचे: 25 कोटींच्या साठ्यात 50 वेळा आणि दोनशे कोटींच्या साठ्यात 400 वेळा हे प्रमाण एकच आहे. कॉर्पस कोणत्या काळाचा आणि कोणत्या प्रकारच्या लेखनाचा आहे हेही विसरून चालत नाही. दैनिकाच्या मजकुरातून आजीच्या बोलीचा निवाडा होत नाही. आणि एखादी जोडी सापडली नाही एवढ्यावरून ती अशक्य ठरत नाही. तिच्यातले शब्द स्वतःच दुर्मीळ असतील, तर न सापडण्याला फारसा अर्थ नसतो.

शेवटचा प्रश्न कॉर्पसला विचारून उपयोग नसतो, त्यासाठी मूळ मजकूर पुन्हा उघडावा लागतो. लेखकानं मूळ भाषेत जी जोडी वापरली ती तिथे रोजची होती की त्यानं मुद्दाम घडवलेली? ‘मुसळधार पाऊस’ मराठीत रोजचा आहे, म्हणून इटालियनही रोजचंच हवं. पण एखाद्या लेखिकेनं ‘पाऊस कुजबुजत होता’ असं लिहिलं असेल आणि कॉर्पसमध्ये तशी जोडी क्वचितच दिसत असेल, तर ती बदलून सरळ करणं म्हणजे तिचं वाक्य हिरावून घेणं. मूळ जोडी जितकी रूढ, तितकीच अनुवादातली रूढ हवी, आणि मूळ जितकी अनोळखी, तितकाच अनुवाद अनोळखी राहू द्यायला हवा.