मंडळाचं नाव ठरवताय? छापण्याआधी ते तोडून बघा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण, रायगडच्या किनाऱ्यावर कुठेही जा. गणपतीच्या आधी दोन-तीन महिने वाडीतल्या पोरांची बैठक बसते आणि वर्गणीच्या आकड्याआधी वाद होतो तो नावावरून. कुणाला थोर पुरुषाचं नाव हवं असतं, कुणाला देवाचं, कुणाला नुसतं ‘ग्रुप’ चालतं. शेवटी सगळ्यांचं मन राखायचं म्हणून सगळेच शब्द एका ओळीत घातले जातात. नाव भारदस्त होतं, पण बॅनरवर मावत नाही.

इथेच आदराचा प्रश्न सुरू होतो. न मावणारं नाव लोक आपसूक तोडतात आणि तोडताना सगळ्यात आधी गळतात ते मान देणारे शब्द. त्यामुळे नाव पूर्ण उच्चारल्यावर कसं वाटतं एवढंच बघून चालत नाही. तोडल्यावर काय उरतं, तेही बघावं लागतं.

लोक नाव तोडतातच

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण मुंबईत आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या मंडळाचं नाव ‘लालबाग सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’. पण लोकांच्या तोंडी आहे ‘लालबागचा राजा’. इथे तोडलेलं नाव मूळ नावाइतकंच मानाचं निघालं, कारण त्यात जागेचं नाव राहिलं आणि वर ‘राजा’ ही पदवी आली. प्रत्येकाचं नशीब असं नसतं.

रायगडात मंडळाचं नाव गणपतीपुरतं राहत नाही. तेच नाव दहीहंडीच्या टी-शर्टवर येतं, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत येतं आणि कबड्डीच्या मैदानावरही येतं. कबड्डीचा समालोचक सात शब्दांचं नाव दर चढाईला घेत बसत नाही. तो एक शब्द उचलतो.

समजा, अलिबागजवळच्या एका वाडीने नाव ठेवलं: ‘सरखेल कान्होजी राजे आंग्रे नवतरुण मित्र मंडळ’. भावना चांगलीच आहे. कान्होजी आंग्रे मराठा आरमाराचे प्रमुख होते, १७२९ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यांची समाधी अलिबाग शहरातच आहे. पण माइकवर या नावाचं होतं ‘कान्होजी’. मग ‘कान्होजी आउट’, ‘कान्होजी पाच गुणांनी हरला’. ‘सरखेल’ गेलं, ‘राजे’ गेलं आणि ज्यांना आपण ‘ते’ म्हणतो त्यांचा थेट ‘तो’ झाला. यात समालोचकाचा दोष नाही. संघाबद्दल आपण सगळे एकवचनातच बोलतो.

म्हणून बैठकीत प्रत्येक नावाला ही एक परीक्षा द्या. त्यातला सगळ्यात ठसठशीत एकच शब्द घ्या आणि मोठ्याने म्हणा: ‘अमुक हरला’, ‘अमुकची वर्गणी राहिली’, ‘अमुकचा बॅनर फाटला’. कानाला खटकलं, तर ते नाव मंडळाला देऊ नका.

या परीक्षेत जागेचं नाव सहसा पास होतं. ‘कुलाबा हरला’ म्हटल्याने कुणाचा मान जात नाही. (१९८१ पर्यंत जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं. पण मुंबईतही कुलाबा असल्याने बाहेरच्यांचा गोंधळ होतो, हे धरून चाला.) नुसती पदवी घेतली, जसं ‘सरखेल’, तर ती मधली वाट आहे. ती व्यक्तीचं थेट नाव घेत नाही, पण कोणाचा मान ठेवलाय हे कळतं. भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ एवढंच नाव दिलं आहे. आडनाव एकटं असूनही तिथे मान कमी होत नाही.

बॅनरचं गणित

आता छपाईकडे येऊ. १० फूट रुंद, ३ फूट उंच बॅनर धरा. दोन्ही टोकांना फोटोंसाठी दोन-दोन फूट गेले, की नावाला उरतात ६ फूट, म्हणजे ७२ इंच. ठळक देवनागरी टायपात एका अक्षराची रुंदी आणि उंची साधारण सारखी धरली, तर हिशोब बोटांवर होतो. जोडाक्षर एकच अक्षर मोजा आणि दोन शब्दांमधली जागा अर्धं अक्षर धरा.

वरच्या लांब नावात २१ अक्षरं आहेत आणि सहा मोकळ्या जागा, म्हणजे आणखी तीन. एकूण २४. एका अक्षराला मिळाले ३ इंच. ‘सरखेल युवा मंडळ’ मध्ये ९ अक्षरं आणि दोन जागा, म्हणजे १०. एका अक्षराला ७ इंचांहून थोडं जास्त. फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ ठोकताळा असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. पहिलं नाव ३० फुटांवरून वाचता येईल, दुसरं ७० फुटांवरून. रस्त्यावरून बाइकने जाणाऱ्याला ३० फूट म्हणजे समोर येईपर्यंत बॅनर मागे पडलेला असतो.

लांब नाव दोन ओळींत घालणं हा उपाय वाटतो, पण मग ओळ कुठे तुटते ते बघावं लागतं. ‘सरखेल कान्होजी राजे’ वर आणि ‘आंग्रे नवतरुण मित्र मंडळ’ खाली, असं झालं तर एकाच माणसाचं नाव मधून कापलं गेलं. जागा कमी पडली की डिझायनर ओळ अशीच तोडतो.

अक्षरांच्या संख्येइतकाच फरक अक्षरांच्या गर्दीने पडतो. ‘प्रतिष्ठान’ मधलं ‘ष्ठ’ जाड सजावटी टायपात लांबून काळा ठिपका दिसतं. ‘मंडळ’ मात्र कुठल्याही टायपात उघडं राहतं. जोडाक्षर वाईट नाही, पण मोठ्या ओळीत एकापेक्षा जास्त नको.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

किनाऱ्यावरच्या मंडळांना एक खास धोका आहे. समुद्रासाठी आपला शब्द ‘दर्या’. त्यात ‘य’ वर रफार येतो. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. फोनवर टाइप करताना ‘र’ ऐवजी ‘ऱ’ पडला, की दर्यावर्दी पोरांचं मंडळ डोंगरात जाऊन बसतं. उलटीकडे ‘किनाऱ्यावर’ लिहिताना रफार दिला, तर तेही चुकतं.

हे नुसतं टाइप करणाऱ्याच्या हाती नसतं. छपाईच्या अनेक दुकानांत अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी टाइप वापरतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तिथे रूपांतर करून किंवा पुन्हा टाइप करून घेतला जातो आणि नेमकी ‘ऱ्य’, ‘श्र’, ‘रु’ आणि ‘रू’ ही अक्षरं घसरतात. म्हणून मजकुरासोबत कागदावर हाताने लिहिलेल्या नावाचा फोटो पाठवा. छापण्याआधी तयार डिझाइनचं चित्र मागवा आणि ते नाव ठरवणाऱ्यांपैकी नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. नाव पाठ असलेल्याला चूक दिसत नाही.

शेपूट कोणतं लावायचं?

नावाच्या शेवटी काय येतं, यावरही गावातले मान-अपमान ठरतात. आपल्याकडे बऱ्याच वाड्यांत आधीपासून ग्रामस्थ मंडळ असतं, महिला मंडळ असतं, कधी मुंबईत राहणाऱ्यांचं वेगळं मंडळही असतं. उत्सव त्यांचाच असेल आणि पोरं फक्त राबणार असतील, तर नव्या ‘प्रतिष्ठान’ची घोषणा वडीलधाऱ्यांना सवता सुभा वाटते. अशा वेळी ‘युवा समिती’ आणि खालच्या ओळीत ग्रामस्थ मंडळाचं नाव, हे नेमकं आणि नम्र आहे. तुमची वर्गणी, तुमचा हिशोब वेगळा असेल तरच ‘मंडळ’ म्हणा.

‘युवक’ म्हटलं की मुली बाहेर राहतात, ‘युवा’ मध्ये दोघं येतात. ‘बाल’ आणि ‘नवतरुण’ हे शब्द वीस वर्षांनी पन्नाशीच्या अध्यक्षांच्या फोटोशेजारी छापले जातील, हेही लक्षात घ्या.

आळीचं किंवा वाडीचं नाव घालताना ते जातीवरून पडलेलं आहे का ते बघा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. ‘कोळीवाडा’ हे नाव तिथले लोक स्वतः अभिमानाने लावतात, पण काही नावं बाहेरच्यांनी चिकटवलेली असतात. तिथे राहणारा माणूस पत्ता सांगताना तो शब्द वापरतो का, यावरून फरक कळतो.

आणि एक कागदी बाब. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते. परवानगीवर जे नाव असेल तेच पावतीपुस्तकावर छापा. बॅनरवर एक, पावतीवर दुसरं आणि परवानगीवर तिसरं असेल, तर वर्गणी देणारा शंका घेणारच.

मग वाडीने काय ठरवावं?

आपल्या उदाहरणातल्या वाडीचा कबड्डी संघ आहे, म्हणजे नाव माइकवर जाणार. ‘दर्या युवा मंडळ’ घेतलं तर ७ अक्षरं, दोन जागा, एकूण ८. प्रत्येक अक्षराला ९ इंच. ‘दर्या हरला’ म्हटल्याने कुणी दुखावत नाही आणि जोडाक्षर एकच, ‘र्या’. तेवढं मात्र जपावं लागेल. हे नाव शेजारच्या गावातही असू शकतं, म्हणून खालच्या छोट्या ओळीत वाडीचं आणि तालुक्याचं नाव कायम हवं. ही दोन ओळींची जोडीच परवानगीवर, पावतीवर आणि बॅनरवर जशीच्या तशी जावी.

मग कान्होजी राजांचं काय? त्यांचं पूर्ण नाव, सगळ्या पदव्यांसह, मंडपातल्या प्रतिमेखाली लावता येतं. तिथे अक्षराला जागा आहे आणि ते नाव कुणी तोडत नाही. रस्त्यावरचं फ्लेक्स पावसात फाटतं आणि विसर्जनानंतर कुणाच्या तरी होडीवर ताडपत्री म्हणून जातं. त्यावर कोणाचं नाव असावं, हे आधीच ठरवलेलं बरं.