विश्लेषण : गावाकडे राहायचे की मुंबईत? रोहा-पेणचा प्रश्न वेळापत्रक कसे सोडवते?

मुंबईत नोकरी, पण जोडीदाराचे घर रोह्यात. आई-वडील थकले, तिथे स्वतःचे घर आहे, मग भाडे कशाला भरायचे, असा एकाचा मुद्दा. करिअर इथेच घडणार, हा दुसऱ्याचा. अनेक जोडप्यांत हा वाद होतो. तो भावनेपेक्षा अंतराचा आणि नोकरीच्या प्रकाराचा आहे.

नोकरी कोणती, हे का महत्त्वाचे?

रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, तर पेण तालुक्यात डोलवीला मोठा पोलाद प्रकल्प. त्यामुळे केमिकल किंवा मेकॅनिकल इंजिनीअरला इथे काम मिळू शकते. वित्त, जाहिरात किंवा सॉफ्टवेअरमधील व्यक्तीला तेवढे पर्याय नाहीत. म्हणजे एकाला घराजवळ नोकरी आणि दुसऱ्याला रोजचा प्रवास, असे वाटप होते. गावी जाण्याचा आग्रह धरणारा बहुतेकदा प्रवास करणारा नसतो, आणि खरी ठिणगी इथेच पडते.

हिशेब कसा करायचा?

समजा, पतीची नोकरी धाटावला आणि पत्नीचे ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. रेल्वेने पनवेलपासून पेण साधारण 35 किलोमीटर, तर पेणपासून रोहा आणखी 40 किलोमीटर आहे. दिवा-रोहा मार्गावर मेमू धावतात, पण लोकलसारख्या दर काही मिनिटांनी नाहीत. एक चुकली की एसटी किंवा खासगी वाहन शोधावे लागते.

गाडी बदलणे आणि वाट पाहणे धरून रोह्याहून एका बाजूला साडेतीन तास आणि पेणहून अडीच तास गृहीत धरू. आठवड्याला पाच दिवस ऑफिस असेल तर रोह्याहून 35 तास आणि पेणहून 25 तास प्रवासात जातात. दोनच दिवस जायचे असेल तर हेच आकडे 14 आणि 10 होतात. पाच दिवसांचा 35 तासांचा प्रवास कोणालाही वर्षानुवर्षे झेपणार नाही. दोन दिवसांचा 10 तासांचा मात्र शक्य आहे.

मधला मार्ग कुठला?

या जोडप्यासाठी पेण हा तोडगा ठरू शकतो. पती दक्षिणेला, पत्नी उत्तरेला जाते, आणि रोह्याचे आई-वडील 40 किलोमीटरवर राहतात. पत्नीला पाचही दिवस ऑफिस असेल तर पनवेल बरे, कारण तिथून हार्बरची लोकल मिळते.

फसगत कुठे होते?

घरून काम करण्याची मुभा कंपनी मागे घेऊ शकते. त्यामुळे ती लेखी आहे का, हे आधी पाहावे. मुंबईतले घर लगेच विकू नये. पेणमध्ये 11 महिन्यांच्या करारावर राहून पाहावे, आणि त्यात एक पावसाळा व गणेशोत्सव यायला हवा. लोकल रखडणे आणि मुंबई-गोवा महामार्गावरील कोंडी तेव्हाच कळते. प्रवास करणाऱ्याने दर आठवड्याला प्रत्यक्ष लागलेले तास लिहून ठेवावेत. अकराव्या महिन्यात निर्णय घेताना वादाऐवजी ती वही समोर असेल.